दुखणं वजा केल्यावर

माझी ताई कोंबड्या कापते. आता स्वतः कापते. आधी दाजी कापायचे आणि ती धरायची. बघणाऱ्याला वाटतं, कापणं अवघड असेल. तसं काही नाही. सुरीला धार असली की कापायला ताकद लागत नाही, सगळी ताकद धरण्यात जाते. दोन्ही पंख मागे आवळायचे, पाय त्याच मुठीत घ्यायचे, आणि मान चिरल्यावर तो जीव जी काही तडफड करतो ती संपेपर्यंत मूठ सोडायची नाही. सोडली तर कोंबडी रक्त उडवत दुकानभर नाचते आणि नेमकी पांढऱ्या सदऱ्याच्या गिऱ्हाइकावर जाऊन आदळते. ताईनं लग्न झाल्यापासून हेच केलं. फडफडणारं काहीही दिसलं की तिचे हात विचार करायच्या आधीच आवळायचे. माझी मुलगी लहानपणी हट्ट करून लोळायची, तर ताई तिला अशी धरायची की पोरगी रडायचीच विसरून जायची.

ताईचं नाक वाकडं आहे, डावं मनगट वाकडं आहे, बोलणं मात्र सरळ. मी दोन गल्ल्या सोडून राहते, शिवणकाम करते, आणि तिच्या घरी रोज एकदा जाते. कुणी म्हणतं बहिणीच्या मायेनं जाते. मी जायचे ती जिवंत आहे की नाही ते बघायला.

दाजींना मी पहिल्यापासून पाण्यात पाहते. लपवून काय करायचं? माणूस दिसायला देखणा, गिऱ्हाइकाशी बोलताना तोंडात साखर, आणि शटर खाली आलं की दुसराच कुणीतरी. पण त्यांच्याविरुद्ध बोलायची सोय नव्हती, कारण त्यांना दुखणं होतं. खरंखुरं, डोळ्यांना दिसणारं दुखणं. आजारी माणसाला बोल लावणारी मी कोण?

अर्धशिशी त्यांना त्यांच्या आईकडून आलेली. म्हातारीला ती आयुष्यभर होती. डोक्याला फडकं आवळून ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायची, बादलीत ओकायची, आणि संध्याकाळी उठून पिसं भरायला लागायची. दाजींची मात्र थाटाची अर्धशिशी. त्यांचं डोकं उठलं की खिडक्या बंद, भांड्याचा आवाज बंद, बाहेर पिंजऱ्यात कोंबडा आरवला तर त्याचीही खैर नाही. आणि तिशीच्या आसपास त्यात फिट्स आल्या. दुखणं हत्तीच्या पायानं येतं म्हणतात, यांचे तर दोन हत्ती.

पहिली फिट घरात आली. दाजी जेवता जेवता एका बाजूला बघत राहिले, मान वळली, आणि ताटावर कोसळून अंग ताठ. मग झटके. शेजारचा ओरडला, “धरा त्याला, चमचा घाला तोंडात.” ताईला कुणी सांगायची गरजच नव्हती. ती त्यांच्या छातीवर बसली, दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबले आणि शेजाऱ्यानं दातांत चमचा कोंबला. दाजींचा पुढचा दात त्या चमच्यावरच तुटला. झटके थांबले. ताईनं सोडलं नाही, कारण हातपाय अजून हलत होते आणि तिच्या धंद्यात हलणारी वस्तू सोडत नाहीत. दाजींनी डोळे उघडले, ते ताईकडे नव्हतेच, कुठेच नव्हते. ते उठायला बघत होते, ही दाबत होती. जितकी ती दाबे तितके ते पिसाळत. शेवटी त्यांनी एक हात सोडवला, तिचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. हाड मोडल्याचा आवाज शेजाऱ्यानंही ऐकला.

अर्ध्या तासानं माणूस भानावर आला आणि विचारायला लागला, हिच्या हाताला काय झालं? तेव्हा तो खोटं बोलत नव्हता. मी आज शपथेवर सांगते, त्या वेळी नव्हता.

मग दिवसभर डोकं धरून पडले. ठणका, ओकारी, उजेड सहन होत नाही. घरातल्यांनी निष्कर्ष काढला की ही आपली तीच अर्धशिशी, फक्त आता वाढली आहे आणि वाढली की फिट होते. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं कडक वेदनाशामक गोळ्या दिल्या. दाजी त्या शेंगदाण्यासारख्या खायचे.

तेव्हापासून घरात एकच वाक्य चाललं: डोकं उठलं की त्याला काही कळत नाही. त्या वाक्याच्या पोटात सगळं मावलं. फिटनंतर दाबून धरताना ताईची बरगडी दुखावली, ते मावलं. आणि एका दुपारी डोकं दुखत असताना तिच्या हातून पातेलं पडलं म्हणून दाजींनी तिच्या कानावर अशी मारली की पडदा फाटला, तेही मावलं. उकळत्या पाण्याचा तांब्या तिच्या पायावर आला, पट्ट्यानं पाठ सोलली गेली, सगळं त्या एका वाक्यात. म्हातारी म्हणायची, “तो नाही गं मारत, त्याचं दुखणं मारतं.” तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, त्यातलं तोंड दाबायचं काम दुखण्यानं केलं.

मी ताईला कितीदा म्हटलं, माझ्याकडे ये. ती म्हणायची, आजारी माणसाला टाकून आले तर मी कसाई. मी म्हटलं, तू कसाईच आहेस की. ती हसली, फुटलेल्या ओठानं. पण तिच्या मनात खरंच एक गोष्ट ठरत नव्हती, आणि तीच तिला खात होती. हा माणूस आजारी आहे म्हणून मारतो, की मारणारा माणूस आजारीही आहे? पहिलं असेल तर ती मरेपर्यंत त्याची सेवा करणार होती. दुसरं असेल तर एक दिवसही नाही. कुणी सांगणारा नव्हता.

मग दुकानातला तो दिवस आला. सकाळची गर्दी होती. दाजी ठोकळ्यावर सत्तूर चालवत होते. ताई सांगते, ते मध्येच थांबले आणि म्हणाले, “दिवे कुणी लावले?” दिवे नव्हते. तेवढ्यात मान वळली आणि सत्तुरासकट खाली. ताईनं आधी सत्तूर पायानं उडवला, तो बाकाखाली गेला, नाहीतर आज हे सांगायला ताई उरली नसती. आणि मग नेहमीप्रमाणे ती अंगावर पडली. दोन गिऱ्हाइकंही धावली, एकानं पाय धरले, एकानं खांदे. झटके मिनिटभरात थांबले. तिघांनी सोडलं नाही. दाजींचे डोळे उघडले आणि त्यांनी झुंज सुरू केली. डोक्याचा दणका ताईच्या नाकावर बसला, नाक तिथल्या तिथे फुटलं आणि रक्त तिच्या घशात गेलं. खांदे धरणाऱ्याला त्यांनी कोपरानं असा ढकलला की तो पिसं काढायच्या गरम पाण्याच्या पिंपावर गेला. पिंप कलंडलं. त्या बिचाऱ्याचा हात खांद्यापर्यंत भाजला. तो किंचाळत होता, पिंजऱ्यातल्या कोंबड्या किंचाळत होत्या, आणि ताई तोंडातलं रक्त थुंकत अजून दाबतच होती. मी पोचले तेव्हा जमिनीवर कुणाचं रक्त कोंबडीचं आणि कुणाचं माणसाचं ते कळत नव्हतं.

त्या भाजलेल्या माणसामुळे आम्ही मोठ्या हॉस्पिटलात गेलो. त्याला एका वॉर्डात, ताईला नाक बसवायला दुसरीकडे, आणि दाजींना मेंदूच्या डॉक्टरांकडे. बाई होत्या. बोलणं तोडून, पण ऐकणं शांत. त्यांनी दाजींना सगळ्यात आधी जे विचारलं ते आजवर कुणी विचारलं नव्हतं: आधी डोकं दुखतं की आधी फिट येते?

दाजी म्हणाले, एकच आहे सगळं. बाई म्हणाल्या, एक नाही, सांगा. मग त्यांनी एकेक करून काढून घेतलं. कधीकधी दाजींच्या नजरेत एक वाकडीतिकडी चमकणारी रेघ उठायची, करवतीच्या दातांसारखी, रंग नसलेली. ती हळूहळू मोठी होत जायची, वीसेक मिनिटं, मग विरायची आणि मग अर्धं डोकं ठणकायचं, कधी दिवसभर, कधी दुसऱ्या दिवशीही. त्या वेळी शुद्ध पूर्ण. कोण आलं, काय बोललं, सगळं आठवतं. दाजींनी हे अगदी रसभरीत सांगितलं, कुठल्या दिवशी शेजाऱ्याचा रेडिओ वाजत होता तेसुद्धा. आणि कधीकधी वेगळंच: रंगीत गोल ठिपके, लाल, हिरवे, एकाच बाजूला, काही सेकंद. त्यापुढचं काहीच आठवत नाही. जाग येते तेव्हा जीभ चावलेली, अंग मोडून आलेलं, कपडे ओले, आणि मग सगळं डोकं ठणकतं.

बाईंनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. पहिली ती अर्धशिशी. दुसरी फिट, आणि त्यातली डोकेदुखी म्हणजे फिटचं शेपूट. ती फिटच्या मागून येते, पुढून नाही. ज्याला मुळात अर्धशिशी आहे त्याची ही डोकेदुखी अर्धशिशीसारखीच वागते, तसाच ठणका, तशीच मळमळ, म्हणून भलेभले फसतात. वर दोन्हींचा उगम डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे मेंदू बघण्याचं काम करतो. म्हणून दोन्हीत काहीतरी दिसतं. पण रेघ हळू चालते आणि ठिपके झपाट्यानं येतात. पुढे डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरींची पट्टी काढली, आतला फोटो काढला. फोटोत गाठ-बिठ काही नव्हती. पट्टीत मागच्या भागात फिटच्या खुणा सापडल्या. त्या कोपऱ्यावरच्या गोळ्यांचं पाकीट बघितलं मात्र, बाईंचा चेहरा बदलला. ट्रॅमाडॉल. ते फिट येणाऱ्या माणसाला आणखी फिट आणू शकतं, आणि रोज खाल्लेली कुठलीही वेदनाशामक गोळी डोकेदुखी मुरवते. म्हणजे आम्ही इतकी वर्षं आग विझवायला रॉकेल ओतत होतो.

दाजींना तारा लावायला आत नेलं तेव्हा बाईंनी मला आणि ताईला थांबवलं. म्हातारी बाहेर बाकावर होती. बाई म्हणाल्या, फिट ज्याला येते त्याला ती दिसत नाही. मला बघणारा माणूस लागतो. फिट संपल्यावर तुम्ही काय करता? ताईनं नाकावरच्या पट्टीमागून सांगितलं, धरते. किती वेळ? शांत होईपर्यंत. बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, फिटमधून बाहेर येणाऱ्या माणसाला कळत नसतं की आपण कुठे आहोत. त्याला एवढंच कळतं की कुणीतरी दाबलंय. तो सुटायला बघतो. तो मारत नाही, सुटतो. नाही धरलं तर बहुतेक जण कुणाला हातसुद्धा लावत नाहीत. कुशीवर करा, डोक्याखाली काहीतरी मऊ, आजूबाजूचं धारदार आणि गरम लांब करा, तोंडात काहीही घालायचं नाही, झटके पाच मिनिटांच्या वर गेले तर इकडे आणा. आणि बाजूला बसा.

ताईच्या हातांनी आयुष्यभर केलेलं एकमेव काम चुकीचं निघालं होतं. मग तिनं डावं मनगट टेबलावर ठेवलं आणि विचारलं, हे? बाईंनी विचारलं, कधी? ताईनं सांगितलं. बाई म्हणाल्या, फिट. तुम्ही धरलंत म्हणून. बरगडी? फिट. नाक? तेही. ताई एकेक अवयव मांडत गेली, जसा माल मांडावा. मग तिनं पदर बाजूला करून कान दाखवला.

बाईंनी विचारलं, त्याआधी झटके आले होते? नाही, डोकं दुखत होतं, रेघेचं. ते झोपले होते, माझ्या हातून पातेलं पडलं. मग? ताई म्हणाली, मग ते उठले. मला हाक मारली. आधी दार लावून घेतलं आणि मग मारलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

“फिटमधून उठलेला माणूस दार लावत नाही,” त्या म्हणाल्या. “अर्धशिशीत माणूस चिडतो, वैतागतो. पण तो शुद्धीत असतो. वैद्यकात मी तुम्हाला एवढंच सांगू शकते. बाकी तुम्हाला मदत हवी असेल तर ती मिळण्याची जागाही सांगते.” फिटनंतर दोन-चार दिवसांनी भास होतात का, भलतेसलते संशय येतात का, हेही त्यांनी खोदून विचारलं, कारण क्वचित तसंही असतं. तसलं दाजींना कधीच झालं नव्हतं.

मी म्हटलं, ताई, झालं. चल माझ्या घरी. ताई म्हणाली, “नाही. आधी दुखणं जाऊ दे. मग जो उरेल तो माणूस मला बघायचाय.” माझी बहीण अशी आहे. गिऱ्हाइकाला हाडं वेगळी करून वजन दाखवते.

औषध एकच मिळालं, व्हॅल्प्रोएट. फिटवरही तेच, अर्धशिशी रोखायलाही तेच. एका दगडात दोन पक्षी, ताई म्हणाली, आमच्याच धंद्यातलं निघालं. बाईंनी समजावलं की फिटचं दुसरंही एक चांगलं औषध आहे, पण ते काहींना चिडकं करतं आणि अर्धशिशीला त्याचा भरवसा नाही, म्हणून हे. पुढे मूल हवंय का विचारलं, तपासणीसाठी रक्त घेतलं, वजन वाढेल, हात थोडे थरथरतील, केस विरळ होतील म्हणून सांगितलं. आणि बजावलं, डोकं दुखायचं थांबलं म्हणून गोळी थांबवायची नाही. एकदम तोडली तर फिट उसळून येईल. शेवटचं म्हणजे, काही महिने फिट येत नाही तोवर हातात सुरी-सत्तूर नाही, उकळत्या पाण्याजवळ काम नाही.

म्हणजे कापायचं कुणी? ताईनं. दाजी काट्यावर बसले. पहिल्या आठवड्यात ताईनं दोन बोटं चिरून घेतली, दुसऱ्यात शिकली. धरणं आणि कापणं दोन्ही एकटीनं करायचं तर कोंबडी नळकांड्यात उलटी घालावी लागते, मान खालून बाहेर. तिनं तसं नळकांडं बसवून घेतलं. पुढे तिचा हात इतका साफ झाला की गिऱ्हाइकं म्हणायला लागली, मालकीणबाईंनाच कापू दे. दाजी ते ऐकून दात खायचे.

पण औषध लागू पडलं, हे मला कबूल केलंच पाहिजे. फिट गेली. रेघेची अर्धशिशी आठवड्याची महिन्यावर गेली, मग त्याहून लांब. दाजींचं पोट सुटलं, केस गेले. म्हातारी म्हणायची, देव पावला. आणि ताईवर हात? सुरुवातीला उठला नाही. दोन महिने मी ताईला माराच्या नव्या खुणेशिवाय बघितलं आणि मलाही वाटायला लागलं की मीच वाईट, साप साप म्हणून भुई धोपटत होते.

मग दाजींनी गोळ्या तोडल्या, कुणाला न सांगता. डोकं दुखत नाही तर गोळी कशाला? काही दिवसांत घरात फिट आली, मी तिथे होते. ठिपके, मान, धप्प. ताई उठली आणि तिचे दोन्ही हात पुढे झेपावले. ते हात मी बघितले. हवेत थांबले, बोटं आवळली, आणि तिनं ती स्वतःच्याच काखेत दाबून धरली. मग तिनं स्टूल बाजूला केलं, झटके ओसरल्यावर त्यांना कुशीवर वळवलं, डोक्याखाली उशी सारली आणि दोन हात लांब बसली. दाजी डोळे उघडून इकडेतिकडे बघत राहिले, उठले, भिंतीला धडकले, परत बसले. कुणाला बोट लागलं नाही. मग डोकं ठणकायला लागलं, बाईंनी सांगितलेली साधी गोळी दिली आणि ते लेकरासारखे झोपले. ताई रडली. मला वाटलं भीतीनं. ती म्हणाली, “मनगट मीच मोडून घेतलं होतं गं. नाकही. त्या माणसाचा हातही माझ्यामुळे भाजला.” मग डोळे पुसून म्हणाली, “पण कान नाही.”

गोळ्या बाईंना विचारून परत सुरू झाल्या, आता ताईच्या नजरेसमोर.

पुढचं सांगते. एके दिवशी दुपारी दुकान रिकामं होतं. मी आणि म्हातारी मागच्या खोलीत पिसांची पोती बांधत होतो. दाजींना माहीत नव्हतं की आम्ही आत आहोत. सकाळी एका गिऱ्हाइकानं त्यांना चिडवलं होतं, तुम्ही काय हो, नुसतं वजन करता, कापते तर बायको. ते ऐकताना दाजी हसले होते. दुपारी मी शटर खाली ओढल्याचा आवाज ऐकला. मग कुलपाचा. मग काहीतरी ठोकळ्यावर आपटल्याचा. ते ताईचं डोकं होतं.

मी पडदा बाजूला केला. दाजींनी तिचे केस मुठीत धरले होते आणि कपाळ ठोकळ्यावर हाणत होते, एकदा, परत एकदा, आणि म्हणत होते, “माझा सत्तूर. माझ्या बापाचा सत्तूर.” ताईच्या भुवईतून रक्त डोळ्यात गेलं होतं. मी पोतं टाकून धावले, पण ताईचा हात माझ्याआधी सत्तुरापर्यंत पोचला. सत्तूर वर गेला आणि खाली आला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा सत्तूर लाकडात बोटभर रुतला होता, दाजींनी ठोकळ्यावर टेकवलेल्या दुसऱ्या हाताच्या करंगळीला चिकटून. करंगळीचं साल गेलं होतं, फक्त साल. तिचा हात किती साफ झालाय ते त्या दिवशी कळलं.

दाजींनी केस सोडले. मागे सरले, दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि नेहमीचं म्हणाले, डोकं उठलंय, मला काही कळत नाहीये.

ताईनं डोळ्यातलं रक्त मनगटानं पुसलं. आवाज चढवला नाही. “आधी काय दिसलं?” तिनं विचारलं. “रेघ की ठिपके?”

“ठिपके,” दाजी म्हणाले.

“ठिपके आले की माणूस पडतो. तुम्ही शटर ओढलंत, कुलूप लावलंत.”

“रेघ होती.”

“रेघेत सगळं आठवतं तुम्हाला. शेजाऱ्याचा रेडिओसुद्धा.”

माणूस कोपऱ्यात सापडला की आईला हाक मारतो. त्यांनी माझ्यामागे उभ्या म्हातारीला बघितलं आणि म्हणाले, “आई, सांग हिला. तुला माहीत आहे अर्धशिशी काय असते ते.”

म्हातारी पुढे आली. मला वाटलं, आता पुन्हा तेच ऐकायचं, तो नाही गं मारत. तिच्या केसांत पिसं अडकली होती. तिनं लेकाकडे बघितलं, ठोकळ्यावरच्या रक्ताकडे बघितलं, आणि खाली टेकून कुलूप उघडायला लागली. किल्ली बसत नव्हती. मी मदतीला वाकले तर तिनं मला बाजूला सारलं.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “माझं डोकं सगळा जन्म दुखलं. मी कुणाला मारलं नाही.”

शटर वर गेलं. बाहेर ऊन होतं आणि रस्त्यावरची माणसं बघत होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही हे मला माहीत होतं, पण म्हातारी ते स्वतःच्या तोंडानं कबूल करेल असं वाटलं नव्हतं. दाजी कुणाकडेच न बघता पायरी उतरले. त्यांचा भाऊ पलीकडच्या रस्त्याला राहतो, तिकडेच गेले असणार.

ताई आत गेली. तिनं गोळ्यांचं पाकीट, हॉस्पिटलची फाईल आणि दोन सदरे एका पिशवीत भरले आणि ती माझ्या हातात दिली. भुवईतून रक्त अजून वाहत होतं, टाके पडणार होते हे दिसतच होतं.

“भावाच्या घरी नेऊन दे,” ती म्हणाली. “वहिनीला सांग, रात्रीची गोळी चुकवायची नाही, आणि फिट आली तर कुणी त्यांना धरायचं नाही.”